जिनिंगचा काटा ते ऑफिस: क्रॉस केबलच्या कामाच्या नोंदी

१८ नोव्हेंबर

सकाळी मुनीमजींचा फोन. "भाऊ, काट्यावरचं वजन ऑफिसात येऊनच नाही राह्यलं. बाहेर गाड्यांची लाइन लागली." पांढरकवड्याकडच्या या जिनिंगचं नेटवर्क माझ्याकडेच आहे, आणि ऐन हंगामात वजन अडलं की कापूस घेऊन आलेला शेतकरी ट्रॅक्टरवरच बसून राहतो. म्हणून लगेच निघालो.

मांडणी अशी. फाटकाशी काट्याची केबिन. तिथे जुना आठ पोर्टांचा स्विच, १०० एमबीपीएसचा. त्यावर काट्याचा पीसी आणि कॅमेऱ्यांचा डीव्हीआर. तिथून साधारण ६५ मीटर केबल पाइपातून ऑफिसात येते. ऑफिसात नवा गिगाबिट स्विच होता, तो रात्री व्होल्टेजने गेला. ऑफिसातल्या गजूने कपाटातून एक जुना पाच पोर्टांचा स्विच काढून त्या जागी लावला. ऑफिसचे पीसी लागले, राउटर लागला, नेट सुरू झालं. फक्त केबिनकडून येणारी केबल ज्या पोर्टात आहे त्याचा दिवा लागेना.

सगळ्यांचं एकच म्हणणं, केबल उंदरांनी कुरतडली. संशय रास्त होता, कारण आधीची केबल याच पावसाळ्यात उंदरांनी खाल्ली आणि नवी टाकावी लागली. पण पाइप उघडायच्या आधी लॅपटॉप काढला. ऑफिसातलं केबलचं टोक लॅपटॉपमध्ये घातलं: दिवा लागला, काट्याच्या पीसीला पिंग गेलं. म्हणजे केबलही धड, केबिनचा स्विचही धड. मग लॅपटॉप गजूच्या जुन्या स्विचला लावला, त्याच पोर्टात: तिथेही दिवा. म्हणजे तोही धड. दोघं वेगवेगळे चालतात आणि एकमेकांना जोडले की दोन्हीकडे अंधार. हे लक्षण दिसलं की केबल उकरत बसायचं नाही. दोन्ही टोकांना एकाच जातीचे पोर्ट आले आहेत आणि मधली केबल सरळ आहे, एवढाच त्याचा अर्थ.

गजूला वहीच्या पानावर काढून दाखवलं. १० आणि १०० एमबीपीएसच्या इथरनेटमध्ये आठपैकी चारच तारा कामाच्या असतात. पीसीचं कार्ड १ आणि २ नंबरच्या तारांवर बोलतं, ३ आणि ६ वर ऐकतं. या रचनेला एमडीआय म्हणतात. स्विचचा पोर्ट मुद्दाम उलटा बांधलेला असतो: तो ३-६ वर बोलतो, १-२ वर ऐकतो. तो एमडीआय-एक्स. म्हणून पीसी ते स्विच सरळ केबल चालते. एकाच्या तोंडासमोर दुसऱ्याचा कान येतो, कारण अदलाबदल स्विचच्या पोटातच झालेली असते.

स्विचला स्विच जोडला की दोघंही ३-६ वर बोलणार आणि दोघंही १-२ वर ऐकत बसणार. कोणालाच काही ऐकू येत नाही, म्हणून दिवा नाही. जळत काही नाही. सॉकेटच्या मागे छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, त्यामुळे दोन बोलणाऱ्या जोड्या समोरासमोर आल्या तरी नुकसान होत नाही. पीसीला पीसी थेट जोडला तरी हेच, फक्त तिथे दोघं १-२ वर बोलतात. अशा वेळी अदलाबदल केबलमध्ये करायची: एका टोकाचा १ दुसऱ्या टोकाच्या ३ ला, २ हा ६ ला, आणि उलट. हीच क्रॉस केबल.

"पण काल तर हीच केबल चालू होती," गजू म्हणाला. काल ऑफिसात नवा स्विच होता. तो स्वतःच ओळखून पोर्ट फिरवून घेतो. त्याच्या जिवावर सरळ केबल चालली होती.

त्याच दिवशी, दुपारी

केबिनच्या जुन्या स्विचवर Uplink लिहिलेला एक सॉकेट आहे. तो पीसीसारखा, म्हणजे एमडीआय पद्धतीने बांधलेला असतो, नेमका याच कामासाठी. पूर्वी बहुतेक हबांवर असा एक सॉकेट किंवा बाजूला दाबायचं बटण असायचं. त्यात एक गोम आहे: तो सॉकेट बहुधा शेजारच्या पोर्टचाच दुसरा दरवाजा असतो. दोन्हीत एकदम केबल घातली तर दोन्ही बिघडतात. इथे तो प्रश्नच आला नाही, कारण सॉकेटच्या आत कापसाचे तंतू अडकलेले आणि पिनांवर हिरवा थर. फुंकून, पुसून पाहिलं, पण क्लिप हलली की दिवा जायचा. रोज गाड्या तोलायच्या जागी असल्या सॉकेटवर भरवसा ठेवणं नको.

मग क्रॉस केबलच बनवली. पाइपातली लांब केबल कापायची नाही हे आधीच ठरवलं. नवा स्विच आला की ती सरळच असलेली बरी. त्याऐवजी एक मीटरची छोटी क्रॉस केबल करून ऑफिसच्या टोकाला कपलरने जोडायची.

एका टोकाला नेहमीचे रंग, म्हणजे टी५६८बी: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दुसऱ्या टोकाला टी५६८ए: त्यात नारिंगी जोडी आणि हिरवी जोडी जागा बदलतात, निळा आणि तपकिरी जागच्या जागी. एक टोक ए, एक टोक बी, झाली क्रॉस केबल. दोन्ही टोकं ए केली तरी केबल सरळच राहते. हे मुद्दाम लिहितो, कारण 'ए म्हणजे क्रॉस' असा समज मी पुष्कळ ठिकाणी ऐकला आहे.

कनेक्टर धरताना क्लिप खाली, केबल आपल्याकडे, सोनेरी दाते वर. मग डावीकडून पहिली तार १ नंबरची. बाहेरचं आवरण अडीच सेंटीमीटर सोललं, तारा ओळीत लावून पुढून कापल्या, आणि जोड्यांचा पीळ कनेक्टरच्या आत अगदी थोडाच उघडा ठेवला. १३ मिलिमीटरपेक्षा जास्त पीळ उकलू नये असा नियम आहे. आवरणही कनेक्टरच्या आत गेलं पाहिजे, नाहीतर ओढ बसली की तारा सुटतात.

३ च्या जोडीला ४ नाही तर ६ का, हे गजूने विचारलंच. मधले ४-५ टेलिफोनच्या जोडीसाठी होते. म्हणून त्यांच्या दोन बाजूंना पसरून ३-६ ची जोडी बसवली. रंगांच्या जोड्या ओळीने १-२, ३-४, ५-६, ७-८ अशा लावल्या तर साध्या टेस्टरवर सगळे दिवे बरोबर लागतात, पण ३ ची तार एका पिळातली आणि ६ ची दुसऱ्या पिळातली होते. लांब केबलमध्ये मग एका जोडीतला सिग्नल दुसरीत झिरपतो आणि डेटा गळतो. टेस्टर तार कुठून कुठे गेली एवढंच सांगतो, पीळ कोणाशी आहे हे सांगत नाही.

टेस्टर लावला. मोठ्या भागावर १ ते ८ ओळीने लागतात. सरळ केबल असती तर छोट्या भागावरही तसेच लागले असते. इथे छोट्या भागावर क्रम आला ३, ६, १, ४, ५, २, ७, ८. बरोबर. केबलच्या दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळली, कपलरने जोडली, आणि दोन्ही स्विचचे दिवे लागले. बाहेर पहिली गाडी काट्यावर चढली तेव्हा मुनीमजी पडद्याकडे बघत होते. "आलं बापा," एवढंच म्हणाले आणि पावतीपुस्तक ओढलं.

२३ नोव्हेंबर

ऑफिससाठी नवा गिगाबिट स्विच आला. लावताना लाल टेपची केबल मुद्दाम काढली नाही. दिवा लागला. मग ती काढून लांब केबल थेट लावली. तरी दिवा लागला. गजू म्हणाला, "मंग आपण बनवली काहून?" प्रश्न बरोबर आहे. उत्तर लॅपटॉपवर दाखवता आलं.

माझ्या लॅपटॉपचं कार्ड आपण पोर्ट कसा फिरवला आहे ते सांगतं. सगळी कार्डं सांगत नाहीत, काहींवर Unknown येतं. लॅपटॉप सरळ केबलने केबिनच्या जुन्या स्विचला लावला आणि हे चालवलं:

```
ethtool enp3s0 | grep -E 'Speed|Duplex|MDI-X|Link detected'
```

उत्तर आलं:

```
Speed: 100Mb/s
Duplex: Full
MDI-X: off (auto)
Link detected: yes
```

म्हणजे कार्ड साध्या पीसीसारखंच उभं आहे, १-२ वर बोलतंय. मग केबल काढून लाल टेपवाली लावली. तोच पोर्ट, तोच लॅपटॉप. बाकी सगळं तेच, फक्त तिसरी ओळ बदलली:

```
MDI-X: on (auto)
```

केबल उलटी निघाली म्हणून कार्डाने स्वतःच्या पोटातल्या जोड्या उलटवल्या. दोन उलटे मिळून सुलट झालं. केबिनचा स्विच जुना, त्याला यातलं काही करता येत नाही आणि करावंही लागलं नाही. दोघांपैकी एकाला ही करामत येत असली की पुरतं.

ती करामत कशी चालते ते थोडं लिहून ठेवतो. केबल जोडली की दोन्ही बाजू डेटाच्या आधी छोट्या छोट्या लिंक पल्स सोडतात, साधारण दर १६ मिलिसेकंदांनी. स्वतः ओळखणारा पोर्ट एका स्थितीत उभा राहून सुमारे ६२ मिलिसेकंद ऐकतो. तेवढ्यात समोरच्याच्या तीन-चार पल्स यायला हव्यात. आल्या तर तीच स्थिती पक्की. नाही आल्या तर पालटून पाहतो.

अडचण येते ती दोन्ही बाजू हुशार असल्या तर. एका बांधावर समोरासमोर आलेली दोन माणसं एकमेकांना वाट द्यायला एकदमच डावीकडे सरकतात, मग एकदमच उजवीकडे, तसं होतं. दोघंही दर ६२ मिलिसेकंदांनी एकाच तालात पालटत राहिले तर जुळणी कधीच व्हायची नाही. म्हणून पालटायचं की आहे तसंच थांबायचं हे प्रत्येक पोर्ट दर वेळी नाणं उडवल्यासारखं ठरवतो. चिपमध्ये त्यासाठी यादृच्छिक आकडे देणारी एक छोटी साखळी असते. दोघांची नाणी वेगळी, त्यामुळे थोड्याच फेऱ्यांत एक पालटतो आणि एक थांबतो. माणसाला हे काही दिसत नाही. केबल घातली आणि दिवा लागला, एवढंच.

ही पद्धत एचपी कंपनीतल्या डॅनियल डव्ह आणि ब्रूस मेल्विन या इंजिनिअरांची. १९९९ साली तांब्याच्या तारेवरच्या गिगाबिटचं मानक आलं, त्यात ती ऐच्छिक म्हणून आहे, सक्तीची नाही. पण गिगाबिटच्या जवळजवळ सगळ्या चिपांमध्ये ती आली आणि क्रॉस केबल दुकानांतून दिसेनाशी झाली. १०० एमबीपीएसचा जुना माल मात्र गावोगाव अजून चालू आहे. शहरातल्या ऑफिसांनी काढून टाकलेले स्विच आपल्याकडे येतात आणि पुढची कित्येक वर्षं चालतात. त्यामुळे इथे असा प्रसंग येत राहणार.

लाल टेपची केबल केबिनच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. लांब केबल थेट नव्या स्विचला.

२ डिसेंबर

काट्याचा पीसी बदलला, नवा आला. वजनाचं सॉफ्टवेअर टाकायला बाहेरून एक माणूस येऊन गेला. त्यानंतर दोन तक्रारी एकदम: दिवसाच्या वजनाची फाइल ऑफिसात कॉपी व्हायला फार वेळ लागतो, आणि आज सकाळपासून तर लाइनच बंद.

केबिनमध्ये जाऊन पाहिलं. पीसीची केबल खुर्चीच्या चाकाखाली येऊन तुटली होती. काट्यावरच्या पोराने ड्रॉवरमध्ये दिसली ती दुसरी केबल लावली. लाल टेपवाली. आता पीसी ते जुना स्विच, मध्ये क्रॉस केबल. जुन्या स्विचला स्वतःहून काही फिरवता येत नाही. पण पीसी तर नवा, गिगाबिट कार्डाचा. त्याने सांभाळून घ्यायला हवं होतं.

डिव्हाइस मॅनेजर उघडलं, कार्डाच्या Advanced मध्ये गेलो. Speed & Duplex समोर 100 Mbps Full Duplex असं पक्कं करून ठेवलेलं. पूर्वी काही जण प्रत्येक पीसीवर हे करायचे, लाइन 'पक्की' राहते म्हणून. स्वतः ओळखण्याची सोय पुष्कळ कार्डांत वाटाघाटीला, म्हणजे Auto Negotiation ला बांधलेली असते. वेग हाताने पक्का केला की पोर्ट पालटणंही बंद होतं आणि नवं कार्ड जुन्या कार्डासारखं एमडीआय होऊन बसतं. एमडीआय आणि एमडीआय-एक्स यांच्यामध्ये क्रॉस केबल आली की पुन्हा तोंडासमोर तोंड.

खात्री करायला केबल तशीच ठेवून फक्त ती सेटिंग Auto Negotiation वर आणली. दिवा लागला. परत 100 Mbps Full Duplex केली, दिवा गेला. परत Auto.

कॉपी सावकाश होण्याचं कारणही तेच निघालं. केबल सरळ होती तोवर लिंक लागत होती, पण पीसी वाटाघाटीत गप्प. अशा वेळी समोरचा स्विच सिग्नलवरून वेग ओळखू शकतो, १०० आहे एवढं कळतं. फुल की हाफ डुप्लेक्स, म्हणजे दोघांनी एकदम बोलायचं की आळीपाळीने, हे मात्र त्याला कळायला मार्ग नसतो, आणि नियमाप्रमाणे तो हाफ धरतो. पीसी फुल समजून हवं तेव्हा बोलतो. स्विच हाफ समजून, आपण बोलताना समोरूनही आवाज आला की टक्कर झाली म्हणून थांबतो आणि पॅकेट टाकून देतो. पिंग छान जातं, कारण तेव्हा गर्दी नसते. मोठी फाइल सुरू झाली की खोळंबा. या जुन्या स्विचवर FDX/Col नावाचा एक दिवा प्रत्येक पोर्टला आहे: फुल असेल तर स्थिर, टक्कर झाली की लुकलुकणारा. सरळ केबल लावून, सेटिंग पुन्हा पक्की करून फाइल कॉपीला सोडली तेव्हा तो दिवा नुसता फडफडत होता. Auto केल्यावर तोच दिवा स्थिर झाला आणि फाइल लगेच गेली.

पीसीच्या कॅबिनेटवर चिठ्ठी चिकटवली: Speed & Duplex मध्ये Auto Negotiation ठेवणे, बदलू नये. काट्यावरच्या पोराला लाल टेपचा अर्थ सांगितला. ती केबल ऑफिसच्या कपाटात हलवली, जुन्या स्विचसोबत, कारण तिची गरज पडली तर त्याच्याबरोबरच पडेल.

११ डिसेंबर

केबिनचा जुना स्विचही आज बदलला. आता दोन्हीकडे गिगाबिट. पाइपातली केबल कॅट-५ई आहे, आठही तारा भरलेल्या, त्यामुळे १००० वर लिंक लागली.

केबिनच्या खिडकीखाली उंदरांनी खाल्लेल्या जुन्या केबलचा दोनेक मीटरचा धड तुकडा सापडला, एका टोकाला कनेक्टरसकट. कनेक्टर पाहिला तर टी५६८ए, आणि फक्त १, २, ३, ६ या तारा बसवलेल्या. बाकी चार आवरणाशीच कापलेल्या. एकाच टोकावरून नक्की सांगता येत नाही, पण ज्याने ही लाइन पहिल्यांदा टाकली त्याने ती बहुधा क्रॉस केली असावी, दोन जुन्या स्विचसाठी, आणि १०० एमबीपीएसला चार तारा पुरतात म्हणून चारच भरल्या. त्या वेळी ते बरोबरच होतं. पुढे ऑफिसचा स्विच बदलला, केबल क्रॉस आहे की सरळ हे कोणाला कळायचं कारण उरलं नाही.

तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला त्याच चार तारांवर बी चा कनेक्टर मारला आणि लॅपटॉप ते नवा स्विच लावून पाहिला. गिगाबिटमध्ये चारही जोड्यांवर दोन्ही दिशांनी एकदम डेटा चालतो. पण किती वेगाने बोलायचं ही वाटाघाटी १-२ आणि ३-६ या दोनच जोड्यांवर होते. म्हणून दोघांनी ठरवलं १०००, मग चार जोड्या जुळवायला गेले तर दोन जागेवर नाहीत. दिवा लागायचा, जायचा, पुन्हा लागायचा. थोड्या वेळाने लॅपटॉपच्या कार्डाने नाद सोडला आणि Speed: 100Mb/s दाखवलं. असं खाली उतरणं प्रत्येक चिपला येत नाही. काही तशाच लुकलुकत राहतात.

लगेच लाल टेपवाली लावली. आठ तारा, पण क्रॉस फक्त दोन जोड्यांचा, निळा आणि तपकिरी सरळ. पूर्ण गिगाबिट क्रॉसमध्ये ४-५ आणि ७-८ यांचीही अदलाबदल असते. या केबलमध्ये ती नाही, तरी १००० वर लिंक लागली, कारण कोणती जोडी कुठे आली आहे हे चिपा जुळणी करतानाच ओळखून घेतात.

चार तारांचा तुकडा कापून भंगारात टाकला. ऑफिसच्या कपाटातल्या जुन्या पाच पोर्टांच्या स्विचवर मार्करने लिहिलं: स्वतः ओळखत नाही, Uplink नाही, स्विचला जोडताना लाल टेप. तो टाकून द्यावा असं मी म्हणालो, मुनीमजी नाही म्हणाले.